जाऊबाईंचं वजन कमी करायचं ऑपरेशन : स्लीव्ह की बायपास, आणि खेड्यात राहून पुढचं कसं निभवायचं?

दारव्ह्याची_सून

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढे एका खेड्यात राहतो. प्रश्न माझ्या मोठ्या जावेचा आहे. वय ३४, उंची १५५ सेंमी, वजन १०४ किलो. पाच वर्षांपासून शुगर आहे, दोन गोळ्या चालू आहेत, तरी तीन महिन्यांची सरासरी शुगर ८.९ आली. पाळी कधी येते, कधी तीन-तीन महिने येतच नाही. एक मुलगी आहे नऊ वर्षांची. रात्री घोरतात, आणि छातीत जळजळते म्हणून दोन उशा घेऊन झोपतात.

चालणं, भात बंद, एकवेळ जेवण, सगळं करून झालं. आठ-दहा किलो उतरते आणि वर्षभरात परत चढते. नागपूरला दोन ठिकाणी दाखवलं. एक डॉक्टर म्हणाले स्लीव्ह करा, दुसरे म्हणाले बायपास. दोघांनी घाई नाही असं सांगितलं, म्हणून इथे विचारते आहे. सासूबाईंना वाटते की पोटातली चरबी काढून टाकतात आणि सून महिन्याभरात बारीक होऊन येते. शेजारच्या काकू म्हणतात, जन्मभर पेज पिऊन राहावं लागते, कापूस वेचायला जाता येत नाही. खरं काय आहे ते ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा.

रामभाऊ_आर्णी

ताई, यात भिण्यासारखं काही नाही. माझ्या मेव्हण्याने पुण्याला केलं. नळी घालून पोटाची चरबी ओढून काढली, दुसऱ्या दिवशी घरी. फक्त पट्टा बांधायला सांगितला होता. शुगरचं मात्र मला माहीत नाही, त्याला शुगर नव्हती.

आहारतज्ज्ञ_माधुरी

रामभाऊ, तुमच्या मेव्हण्याचं झालं ते लायपोसक्शन. ते कातडीखालची चरबी काढून आकार सुधारण्यासाठी असतं. त्याने शुगर सुधारत नाही आणि ते १०४ किलोच्या माणसासाठी नाहीच. या ताई विचारतायत ते बॅरिअॅट्रिक ऑपरेशन. त्यात चरबीला हातही लावत नाहीत, काम जठरावर आणि आतड्यावर होतं.

मी नागपुरात अशा पेशंटच्या आहाराचं काम बरीच वर्षं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पात्रतेचं. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १.५५ गुणिले १.५५ म्हणजे साधारण २.४०. १०४ भागिले २.४० म्हणजे बीएमआय ४३ च्या वर. आपल्याकडे बरीच वर्षं चालत आलेला हिशोब असा की ३७.५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशनचा विचार होतो, आणि शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं असं काही असेल तर ३२.५ पासून. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे ४० आणि ३५ होते. आपल्या लोकांना कमी वजनावर शुगर गाठते म्हणून आपले आकडे खाली आणले. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी ते आणखी खाली आणले आहेत. तुमच्या जाऊबाई कोणत्याही हिशोबाने बसतात.

पण आकडा जुळला म्हणजे झालं असं नाही. थायरॉइड किंवा दुसऱ्या ग्रंथीमुळे वजन वाढलं नाही ना, हे आधी तपासतात. जुनं नैराश्य उपचाराविना असेल, दारू सुटत नसेल, तर आधी ते. आणि पुढची अनेक वर्षं तपासणीला येणं जमेल का, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. तुमच्या बाबतीत तोच सगळ्यात मोठा आहे.

तुम्ही एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे, दोन उशा घेऊन झोपतात ही. दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडली त्याचं कारण बहुतेक तिथेच आहे. जेवणं उरकून संध्याकाळी लिहिते.

विलास_पुसद

मी विम्याचं काम करतो. ३२.५ वगैरे मी कुठे ऐकलं नाही. नियम असा आहे की बीएमआय ४० पाहिजे, नाहीतर ३५ आणि सोबत गंभीर आजार. आणि हो, शुगर एकदा या ऑपरेशनने गेली की कायमची जाते, माझ्या दोन ग्राहकांच्या गोळ्या हॉस्पिटलमधून निघतानाच बंद झाल्या.

शिक्षक_वणी

हे वाचून माझाही हिशोब केला. ९२ किलो, १६८ सेंमी, ३२.६ आला. शुगर आहे. म्हणजे मी बसतो की नाही? धाग्याच्या मालकीणबाईंनी माफ करावं, पण एवढं विचारतोच.

आहारतज्ज्ञ_माधुरी

सर, वैद्यकीय हिशोबाने तुमचा विचार होऊ शकतो, विम्याच्या हिशोबाने नाही. विलासभाऊ सांगतात तो नियम खरा आहे, पण तो विमा कंपनीने पैसे कधी द्यायचे याचा आहे. त्यातही शुगर नुसती असून चालत नाही, ती आटोक्यात नसलेली लागते, आणि आधी साधे उपाय करून झालेले असावे लागतात. जाऊबाईंना विम्याचीही अडचण येऊ नये, फक्त पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ संपला आहे का ते बघा. सर, तुमची शुगर गोळ्यांवर नीट राहत असेल तर मी तुम्हाला आधी फिजिशियनकडे पाठवेन.

शुगर कायमची जाते याच्याशी मात्र मी सहमत नाही. कुणीतरी स्वतः झालेलं सांगावं.

कोरडवाहू

मी सांगतो. मंगरूळपीरकडचा आहे. २०१९ साली माझं बायपास झालं, तेव्हा १२६ किलो होतो, इन्सुलिन घेत होतो. विलासभाऊ म्हणतात तसं घरी आलो तेव्हा इन्सुलिन बंद झालं होतं, वजन उतरायच्याही आधी. तीन वर्षं एक गोळी नाही. मग हळूहळू शुगर वर सरकू लागली आणि आता सकाळी एक गोळी आहे. सर्जन म्हणाले, ज्याची शुगर जुनी आणि जो इन्सुलिनवर गेला, त्याची परतायची शक्यता जास्त. मला त्याचं वाईट वाटत नाही. दिवसाला चार सुया होत्या, तिथे एक गोळी आहे.

वजनाचंही असंच. सव्वा वर्षात ८५ पर्यंत आलो, आता ९२ वर थांबलो आहे. गावातले लोक म्हणतात, परत फुगून राहिला. सात किलो वाढले ते दिसतात, चौतीस गेले ते विसरले.

कामाचं विचारलं म्हणून सांगतो, दीड महिन्यानं शेतात जाऊ लागलो, तीन महिन्यांनी सगळी कामं. सवंगणी करतो, फवारणीही करतो. पेज पिऊन राहत नाही, एक ज्वारीची भाकर, वरण, अंडी, सगळं खातो. फक्त कमी आणि हळू. बांधावर बसून पाच मिनिटांत जेवण आटपायची सवय होती, ती गेली. घाईनं खाल्लं की घास छातीत बसतो, तोंडाला पाणी सुटते आणि ओकून टाकल्याशिवाय बरं वाटत नाही.

दोन गोष्टी सक्त मना आहेत. एक खर्रा. तो सुटल्याशिवाय सर्जनने तारीखच दिली नाही, कारण तंबाखूनं जोडलेल्या जागी अल्सर होतो. दुसरी, अंग दुखलं की मेडिकलमधून आणतो ती दुखण्याची गोळी. पॅरासिटामॉल चालते, बाकीच्या त्या जातीच्या नाही. गावातल्या मेडिकलवाल्याला सांगून ठेवलं आहे की मी मागितली तरी देऊ नको.

कुसुमकाकू

बाप्पा, म्हणजे एक रोग घालवायचा आणि जन्मभराच्या बेड्या घालून घ्यायच्या. आजकाल आठवड्याला एक इंजेक्शन निघालं आहे म्हणतात, ते काऊन नाही घेत?

आहारतज्ज्ञ_माधुरी

काकू, इंजेक्शनचा विचार नक्की करण्यासारखा आहे, आणि काही पेशंटना आम्हीही आधी तेच सुचवतो. चांगलं वजन उतरतं. पण बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, म्हणजे तेही चालूच ठेवावं लागतं. ४३ बीएमआयला आधी इंजेक्शन की सरळ ऑपरेशन, यावर डॉक्टरांतही आज एकमत नाही. मी इथे कुणा एकाची बाजू घेणार नाही.

आता उशांचं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भाग कापून बाहेर काढतात, लांबट केळ्यासारखी नळी उरते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. त्याच भागात भुकेचं एक संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूकच लागत नाही. आतडं जसंच्या तसं राहतं. ऑपरेशन त्यातल्या त्यात सुटसुटीत. पण त्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर अन्ननलिकेत चढतं. ज्यांना आधीच जळजळ आहे त्यांची ती वाढू शकते. काहींना त्यासाठी पुन्हा ऑपरेशन करून बायपास करावं लागतं.

बायपासमध्ये जठराची वरची छोटी पिशवी, साधारण ३० मिलीची, वेगळी करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात. जळजळ बहुतेकांची थांबते, शुगरवरही परिणाम थोडा जास्त दिसतो. पण अन्न ज्या भागाला वळसा घालून जातं, तिथेच लोह आणि कॅल्शियम जास्त शोषलं जातं. बी-१२ शोषायला जठराचा जो रस लागतो तोही अन्नाला नीट भेटत नाही. म्हणून गोळ्या आयुष्यभर, त्यात सूट नाही. स्लीव्हनंतरही गोळ्या असतात, पण चुकल्या तर बायपासवाला लवकर अडचणीत येतो.

म्हणजे जाऊबाईंची छाती बायपास मागते आणि राहण्याचं ठिकाण स्लीव्ह मागतं. माझं मत, आधी एंडोस्कोपी करा. अन्ननलिकेला सूज किंवा जखम दिसली, किंवा मोठा हर्निया निघाला, तर पारडं बायपासकडे झुकतं. आतून सगळं स्वच्छ असेल तर स्लीव्हचा विचार होऊ शकतो.

सासूबाईंना एक हिशोब दाखवा. एक-दीड वर्षात साधारण एकूण वजनाच्या चौथा हिस्सा ते ३० टक्के उतरतं. १०४ चे २६ ते ३१ किलो. म्हणजे ७३ ते ७८ च्या आसपास, आणि तेही महिन्यात नाही. बीएमआय तरीही ३० च्या वर राहू शकतो. शुगर, गुडघे, घोरणं यासाठी हे पुष्कळ आहे, पण लग्नातल्या फोटोसारखी बाई परत येणार नाही. कातडी लोंबते, तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात. केस बहुधा परत येतात, कातडी आपोआप आवळत नाही.

डॉ_तालुका

मी सर्जन नाही. तालुक्याच्या गावी साधी प्रॅक्टिस आहे. ऑपरेशन नागपूरला होतं, पण पुढे पेशंट आमच्याच दारात येतो, म्हणून एक केस लिहितो. ही नीट वाचा.

स्लीव्ह होऊन सहा आठवडे झालेल्या एक बाई. दहा-बारा दिवसांपासून उलट्या, पाण्याचे घोटही टिकत नव्हते. घरच्यांना वाटलं, ऑपरेशननंतर असं होतच असेल. अशक्तपणा आला म्हणून एका ठिकाणी ग्लुकोजच्या सलाईन लावल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणल्या तेव्हा म्हणत होत्या, सगळं दोन-दोन दिसतं. पाय फाकवून, भिंत धरून चालत होत्या. आज कोणता वार, ते सांगता येत नव्हतं. नवरा म्हणाला, सलाईननंतर जास्तच झालं.

हे बी-१, म्हणजे थायमिन संपल्याचं लक्षण. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. त्यात उलट्या, म्हणजे गोळीही पोटात राहत नाही. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. रिकाम्या माणसाला ग्लुकोज दिलं की उरलंसुरलं तेही खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. मी शिरेतून थायमिन दिलं, मग सलाईन, आणि सर्जनला फोन करून लगेच नागपूरला पाठवलं. नळीत एका जागी अरुंदपणा निघाला, तो फुगा घालून रुंद केला. डोळे काही दिवसांत सुधारले. चाल सुधारायला महिने लागले आणि विसराळूपणा थोडा राहिलाच.

त्यामुळे या ताईंच्या जाऊबाईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर सर्जनकडून मराठीत लिहून घ्या : ऑपरेशन कोणतं, तारीख, फोन, आणि "उलट्या असतील तर आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज". त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हवा. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर गावात सलाईनवर दिवस काढू नका.

दारव्ह्याची_सून

डॉक्टरसाहेब, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे तर अशक्तपणा म्हटलं की पहिले सलाईनच. बायपासमध्येही असं होते का? आणि दुसरं काय झालं तर पळायचं, तेही सांगा.

डॉ_तालुका

दोन्हीत होऊ शकतं. दुसरं, ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत नाडी सतत १२० च्या आसपास, ताप, पोट किंवा खांदा दुखणं, धाप. शिवण किंवा जोड गळत असेल तर कधी नुसती नाडीच आधी बोलते. घरी नाडी मोजायला शिका.

बायपासवाल्यांना आणखी एक भीती वर्षांनंतरही असते. जेवल्यावर पोटात जोराची कळ येते, जाते, परत येते. आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. साधा एक्स-रे कधीकधी चांगला दिसतो, म्हणून गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं जातं. अशा वेळी "माझं बायपास झालंय" हे पेशंटनेच ठासून सांगायचं आणि सर्जन जिथे आहे तिथे जायचं.

आणि रक्ताबद्दल. आपल्या भागात सिकलसेल बऱ्यापैकी आहे. ऑपरेशनच्या आधी ती तपासणी झालेली बरी. पुढे हिमोग्लोबिन कमी आलं की ते लोहामुळे की सिकलसेलमुळे, हा घोळ मग होत नाही.

विलास_पुसद

शुगरबद्दल कोरडवाहूंचं वाचलं. माझ्या ग्राहकांना दोनच वर्षं झाली आहेत, पुढचं मी पाहिलेलं नाही. पण मला अजून वाटते की खेड्यातल्या माणसानं स्लीव्हच करावं. गोळी चुकणारच. आमच्याकडे बीपीची गोळीसुद्धा पाऊस लागला की बंद होते.

कोरडवाहू

विलासभाऊ, गोळी चुकत नाही, चुकू द्यायची नाही. माझी सोय सांगतो. मल्टिव्हिटॅमिन आणि लोह रात्री झोपताना. कॅल्शियम दोन वेळा, सकाळी आणि दुपारी, कारण लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह अंगी लागत नाही. चहाही लोहाच्या आसपास नाही. बी-१२ चं इंजेक्शन महिन्याला, गावातली नर्सताई देते, मी पंचमीला घेतो म्हणजे लक्षात राहते. वर्षातून एकदा रक्त, ते वाशीमला. लोहाचा साठा दोनदा खाली गेला होता, तेव्हा शिरेतून लोह घेतलं. खर्च आहे, नाही म्हणत नाही. ऑपरेशनचे पैसे जमवताना लोक हे पैसे धरत नाहीत.

आहारतज्ज्ञ_माधुरी

त्यात प्रथिनं जोडा. दिवसाला ६० ग्रॅम तरी पोटात गेले पाहिजेत, आणि पोट तर वाटीभराचं. दोन अंडी म्हणजे १२, अर्धा लिटर दूध किंवा ताक-दही मिळून १५ च्या आसपास, घट्ट वरणाच्या दोन छोट्या वाट्या १२, सोयाबीन वडी कोरडी ३० ग्रॅम म्हणजे १५. एवढ्यात ५४ झाले, उरलेलं पनीर किंवा चिकन. पातळ वरणाच्या पाण्यात काही नसतं. ताटात आधी हे, भाकर शेवटी. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. सुरुवातीला मात्र पातळ, मग मऊ, असं पाच-सहा आठवडे चालतं. तुमच्या शेजारच्या काकूंनी कदाचित तेवढंच पाहिलं असेल.

बायपासनंतर उसाचा रस, गुळाचा चहा, पाकातलं काही जपून. घाम, धडधड, जुलाब होतात. कधी दोन तासांनी शुगर एकदम खाली जाते.

दारव्ह्याची_सून

सगळ्यांचे आभार. जाऊबाई सोबत बसून वाचत आहेत. त्यांना एक विचारायचं आहे, संकोच वाटतो म्हणून मी लिहिते. पाळी येतच नाही तर पाळणा लांबवायची काळजी करायची गरज नाही ना? दुसरं मूल व्हावं असं घरात सगळ्यांना वाटते.

आहारतज्ज्ञ_माधुरी

गरज आहे, आणि हे विचारलं ते फार बरं केलं. वजन उतरलं की पाळी सुरू होते आणि बाईला कळायच्या आत दिवस जातात. मूल हवं असेल तर चांगलंच आहे, पण ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने नाही. त्या काळात आईचंच पोषण अपुरं असतं. बायपासनंतर रोजच्या गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवू नका, ती नीट शोषली जाईलच असं नाही. तांबी बसवणं सोपं. नंतर दिवस गेले की बाळंतपणाच्या डॉक्टरांना ऑपरेशन सांगायचं. साखरेचं पाणी पाजून करतात ती शुगरची तपासणी बायपासवाल्या बाईला त्रास देते, तिच्यासाठी घरी मशीनवर शुगर मोजतात.

कुसुमकाकू

एंडोस्कोपी झाली की काय निघालं ते इथे लिही बाई. माझ्या भावजयीचंही असंच जळजळते.

दारव्ह्याची_सून

लिहिते काकू. पुढच्या आठवड्यात नंबर लावला आहे. जाऊबाईंचं मन बायपासकडे आहे, भाऊजींना वाटते आधी वर्षभर इंजेक्शन घेऊन पाहावं. घरात अजून एकमत नाही. फाइलच्या पहिल्या पानाचं मात्र दोघांनाही पटलं आहे.